भिंतीला हात लावून यायचं

बेंगळुरात मल्लेश्वरमच्या एका शाळेत मी चौथीची क्लास टीचर होते, गणित शिकवायची. नव्वदीचं दशक, वर्गात अठ्ठेचाळीस मुलं, चाळीस मिनिटांचा तास, आणि पोर्शन संपवायची घाई तर पाचवीला पुजलेली. माझी जीभ तेव्हाही तिखटच होती. तिसऱ्या बाकावरची ती पोरगी चौथीत दुसऱ्यांदा बसलेली. पेन्सिल पाड, वाकून उचल, शेजारणीची रिबीन ओढ. "अगं, बुडाखाली मुंग्या आहेत का तुझ्या?" असं मी भर वर्गात विचारलं. सगळे हसले, तीही हसली.

मग तिची आई भेटायला आली. आमच्यासारखंच पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात मुरलेलं मराठी घर. म्हणाली, "अक्का, हेडमिस्ट्रेस म्हणतात, यंदा गणितात गेली तर दाखला घेऊन जा. हिचे वडील म्हणतात, मग शाळाच पुरे, घरी बसू दे. तुम्ही स्वल्प बघा ना." दहा वर्षांची पोर घरी बसणार! त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी ओरडणं सोडून घड्याळ बघायला लागले. पोरगी पहिली दहा मिनिटं चोख असायची, हात वर करून उत्तरं द्यायची. अकराव्या मिनिटाला पेन्सिल पडायची. रोज! म्हणजे अक्कल कमी नव्हती, तास लांब होता. मग मी तासाचेच तुकडे केले. आठ-नऊ मिनिटांत शिकवायचं, दोन गणितं सोडवून घ्यायची, की पेन्सिल खाली. उठायचं, मागच्या भिंतीला हात लावून जागेवर यायचं, बसून तीन लांब श्वास घ्यायचे, आणि पुढची दोन गणितं. ओळीओळीनं, सगळ्या वर्गानं, म्हणजे तिच्या एकटीकडे कोणी बोट दाखवायला नको. गणितं चुकली तरी उठायचंच; ते काही बक्षीस नव्हतं. चुळबुळ सुरू व्हायच्या आधी उठवलं तरच उपयोग, हेही मी चुकतमाकतच शिकले.

महिन्याभरात तिच्या वहीत लाल शेरे कमी झाले. सहामाहीपर्यंत भागाकार यायला लागला. मी मनातून नाचत होते.

एक दिवस हेडमिस्ट्रेस दारात उभ्या. "हा वर्ग आहे की बाजार?" मी "सॉरी मॅडम, पुन्हा होणार नाही" म्हणाले. सरळ सांगायला काय झालं होतं मला? नोकरी कायम व्हायची होती, दुसरं काय. बंद मात्र केलं नाही. चपला काढून, आवाज न करता चालायचं ठरवलं आणि मुलांना बजावलं, "हे आपल्या वर्गातलं गुपित. बाहेर कोणाला सांगायचं नाही." अठ्ठेचाळीस पोरांनी ते पाळलं.

वार्षिक परीक्षा आली. कॉपी होऊ नये म्हणून चौथी-पाचवी एकाआड एक बसवायचे, आणि आपल्या वर्गावर आपली ड्यूटी नसायची. अडीच तासांचा पेपर. तिच्या खोलीवरच्या बाईंना मी आधी एक शब्द सांगायला हवा होता. सांगितला असता तर गुपित फुटलं असतं. आणि खरं सांगू, परीक्षेत ती उठेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाकीची मुलं परीक्षा म्हणून बसून राहिली. ती मात्र शिकवलं तशी वागली.

दोन गणितं झाली. पेन्सिल खाली ठेवली, चपला काढल्या, आणि पाचवीच्या मुलींच्या बाकांमधून मागच्या भिंतीकडे चालायला लागली. बाईंनी दंड धरला, पेपर काढून घेतला. कॉपी.

मला ऑफिसात बोलावलं तेव्हा ती अनवाणीच उभी होती. तो पेपर टेबलावर होता. दोन्ही गणितं बरोबर, खाली सगळं कोरं.

"का उठलीस?" हेडमिस्ट्रेसनी विचारलं. "हे तुला कोणी शिकवलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन, आत्ता बोलेन, असं म्हणत टेबलावरच्या पेपराकडे बघत राहिले.

"कोणी नाही," ती म्हणाली.

शून्य मिळालं. दाखला क्लास टीचरनंच लिहायचा असायचा, म्हणून तो मीच लिहिला. न्यायला आई आली. तिनं माझे दोन्ही हात धरले. "अक्का, तुम्ही खूप केलंत हो. हिचंच नशीब फुटकं."

मी हात सोडवून दाखला तिच्या हातात दिला. पोरगी आईमागं उभी होती. जाताना तिनं वळून ओठांवर बोट ठेवलं, गुपित कोणाला सांगितलं नाही, हे मला कळावं म्हणून.