कठडा आणि खोकला

तरुणपणी एका नाटकात मी मुख्य पात्राला वाईट रीतीने मारलं आणि त्याचा दोष नाटक लिहिणाऱ्या मित्रावर ढकलला. मित्र हयात आहे, मीही आहे. म्हणून हे आता लिहून ठेवतो.

आम्ही दोघं डिलाईल रोडच्या एकाच चाळीत वाढलो. तो गिरणीत साचे खात्यात मागावर होता, मी एका कचेरीत. कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी त्यानं तीन अंकी नाटक लिहिलं. दिग्दर्शन माझं होतं आणि त्यातल्या धाकट्या भावाची भूमिकाही माझीच.

नाटक साधं होतं. चाळीतली एक खोली, आई, थोरला भाऊ दादा, त्याची बायको आणि धाकटा. दादावर सगळं घर उभं. खोलीबाहेरच्या गॅलरीचा लाकडी कठडा एका बाजूनं सुटलेला आणि दादानं तो दोरीनं बांधून ठेवलेला. पहिल्या अंकात या कठड्यावर विनोदच विनोद होते. विमा विकायला आलेला माणूस ऐटीत टेकायला जातो, दादा त्याची कॉलर धरून आत ओढतो आणि म्हणतो, "आधी स्वतःचा उतरवा." आई दोरीवर फडकी वाळत घालते आणि शिव्या खाते. दादा धाकट्याला रोज बजावतो, "येताना बोल्ट आण." धाकटा एकदा विसरतो, एकदा बोल्टऐवजी सिनेमाची तिकिटं आणतो, आणि शेवटी आणतो तो बोल्ट भोकात जातच नाही. लोक पोट धरून हसायचे.

दुसऱ्या अंकात दोघा भावांचं भांडण होतं. धाकट्याला वेगळं बिऱ्हाड करायचं असतं. तो वाढलेल्या ताटावरून उठतो आणि जिना उतरून चालू लागतो. दादा मागोमाग गॅलरीत जातो, आपल्याला दिसत नाही. फक्त त्याची हाक ऐकू येते, "अरे, जेवून तरी जा!" मग लाकूड मोडल्याचा आवाज. दारातून दोरीचं एक टोक तेवढं दिसतं. तिसऱ्या अंकात आई सवयीनं चार ताटं मांडते, दादाचं उचलते आणि धाकट्यासमोर ठेवते. त्याला ते जेवावं लागतं.

पहिला प्रयोग आम्ही चाळीच्या गणपतीत केला. त्या मोडल्याच्या आवाजानंतर मांडवात जे झालं ते मी पुन्हा फार थोड्या वेळा पाहिलं. कोणी रडलं नाही. पुढच्या रांगेतली एक बाई नुसतं "बोल्ट" म्हणाली. तिच्या शेजारणीनं तोंडावर हात ठेवला. सगळ्यांना एकदमच कळलं होतं की हे आपल्याला ठाऊक होतं आणि आपण त्यावर हसलो होतो.

स्पर्धेला वेळेची मर्यादा होती. नाटक पंधरा मिनिटांनी जास्त होत होतं. मी मित्राला म्हणालो, "थोडं कापावं लागेल."

"काप," तो म्हणाला. "किरकोळ विनोद आहेत ते काप. मरणाला हात लावू नको."

त्यालाही तेव्हा ठाऊक नव्हतं की ते विनोद म्हणजेच ते मरण होतं. तो सुचेल तसं लिहीत होता, हिशेब मांडून नाही. मी कठड्याचे सगळे प्रसंग काढले. आई चार ताटं मांडते तेही काढलं. पण खरी गोष्ट आता सांगतो. वेळ हे निमित्त होतं. तिसऱ्या अंकात माझं साडेचार मिनिटांचं भाषण होतं, भावाच्या फोटोसमोर उभं राहून केलेलं. ते कापलं असतं आणि दोन गाणी कापली असती तरी भागलं असतं. पण बोल्ट विसरणारा धाकटा हास्यास्पद दिसत होता, आणि दादाच्या मरणाला तोच जबाबदार होता. मला दुःखी नायक दिसायचं होतं. बोल्ट गेला की धाकट्याची चूकही गेली.

मग मला वाटलं, मरण फारच अचानक येतंय, थोडी तयारी हवी. म्हणून पहिल्या अंकात दादाला मी खोकला दिला. मागे बासरीही ठेवली.

अंतिम फेरी परळच्या एका नाट्यगृहात होती. मित्राची दुसरी पाळी होती, रजा मिळाली नाही. पहिला अंक बरा गेला. दादा खोकला की लोक सुस्कारे टाकत होते, म्हणजे त्यांनी ओळखलं होतं, हा क्षयानं जाणार. ते त्याची वाट बघत होते. दुसऱ्या अंकात भांडण झालं, मी तरातरा निघून गेलो, दादा गॅलरीत गेला, हाक आली, लाकूड मोडलं. थिएटरात कठडा असल्याचं तोवर कोणाला माहीतही नव्हतं. एक क्षण शांतता, आणि बाल्कनीतून आवाज आला, "च्यायला, खोकला राहिला बाजूला, हा कठड्यानंच गेला!"

सगळं थिएटर हसलं. मी विंगेत उभा होतो. मला तिथल्या तिथे समजलं की काय झालंय. गणपतीतल्या बाईला बोल्ट ठाऊक होता, इथल्या लोकांना कोणी सांगितलाच नव्हता. उलट मी त्यांना खोकला दाखवून भलत्याच दारापाशी उभं केलं होतं. आणि माझ्या भाषणात लोकांनी चुळबुळ केली, कारण धाकट्याला रडायला काही कारणच उरलं नव्हतं.

परीक्षकांनी शेरा दिला की मुख्य पात्राचा मृत्यू कथेतून येत नाही, लेखकाला हवा म्हणून येतो.

दुसऱ्या दिवशी मित्र गिरणीतून थेट माझ्याकडे आला. कपड्यांवर कापूस तसाच होता.

"काय झालं रे?"

"मरणाचा प्रवेश कच्चा आहे तुझा," मी म्हणालो. "मी सावरायला बघितलं. खोकला घातला. पण मुळातच दम नाही त्यात."

"पण गणपतीत..."

"गणपतीत आपलीच माणसं रे. ती हळहळणारच."

मग त्यानं नाटकाची वही मागितली. मी सांगितलं, प्रयोगाच्या गडबडीत हरवली. वही माझ्या ट्रंकेत होती. का लपवली ते मलाही धड सांगता येत नाही. त्यानं ती पुन्हा वाचली असती तर त्याला समजलं असतं, एवढं खरं. त्यानंतर त्यानं नाटक लिहिलं नाही.

मी लिहिली. नाटकं, नंतर मालिका. लोक म्हणायचे, मरण लिहावं तर यानं. माझी युक्ती एकच होती, त्याच्या वहीतून उचललेली. ज्या वस्तूनं माणूस जाणार ती आधी हसण्यावारी दाखवायची. जाताना त्याचं काहीतरी अर्ध्यावर राहू द्यायचं. आणि गेल्यावर घरात त्याची जागा रिकामी दिसेल असं एखादं रोजचं काम ठेवायचं. एका मालिकेत नटाला दुसरीकडे काम मिळालं म्हणून त्याची गाडी आठवड्याभरात घाटात कोसळवावी लागली, तेव्हा प्रेक्षकांनी मला शिव्यांची पत्रं पाठवली. ती मी मुकाट वाचली. बरोबर होती.

यंदा मित्राच्या नातीचा फोन आला. ती दादरला नाटकं बसवते. कुठल्याशा जुन्या नटाच्या घरी तिला आमच्या नाटकाची टाईप केलेली प्रत मिळाली होती, स्पर्धेची, माझी कापलेली.

"आजोबा, मला एक सांगा, दादा मरतो कशाला?"

"म्हणजे?"

"म्हणजे वाचनात माझे नट हसतात हो. तो खोकतो, खोकतो, मग गॅलरीत जातो आणि पडतो. एकानं विचारलं, खोकल्याचा झटका येऊन तोल गेला का?"

"तुझ्या आजोबांना विचारलंस?"

"विचारलं. ते म्हणाले, मला मरण लिहिता येत नव्हतं, काढून टाक. म्हणून मी दादाला जिवंत ठेवतेय. चालेल ना?"

मी म्हणालो, "थांब. परवा येतो."

चाळीच्या जागी आता टॉवर आहे. मित्र अकराव्या मजल्यावर राहतो. त्याच्या गॅलरीला काचेचा कठडा आहे आणि तो तिकडे फिरकत नाही, असं नात हसत सांगत होती. मी वही पिशवीतून काढून त्याच्या मांडीवर ठेवली आणि वर लिहिलंय ते सगळं, भाषणासकट, सांगितलं. नात ऐकत होती.

त्यानं वही उघडली नाही. म्हणाला, "हरवली होती ना?"

"नाही."

"मेल्या, मी गिरणीच्या गेटवर भोंगा होईस्तोवर विचार करायचो. कुठे चुकलं, कुठे चुकलं. बायकोला विचारलं. ती म्हणाली, मला तर घरी येऊन रडू आलं होतं. मी तिच्यावर ओरडलो, तुला काय कळतंय."

त्याची बायको जाऊन आठ वर्षं झाली. मी माफी मागितली. त्यानं हात झटकला.

नात वही घेऊन मोठ्यानं वाचू लागली. विमावाल्यापाशी ती हसली. तिकिटांपाशी हसली. चुकीच्या बोल्टापाशी तिला हसण्यामुळे वाचता येईना. मग भांडण आलं, ताट आलं, हाक आली. तिनं पुढचं वाक्य वाचलं नाही. वही खाली ठेवली आणि आजोबांकडे बघत राहिली.

"आजोबा, बोल्ट," ती म्हणाली.

मित्रानं वही पुढे ओढली. मग म्हणाला, "पेन दे. आईच्या फडक्यांचा विनोद लांबलाय. तीन ओळी कमी."

माझ्याकडे न बघता तो तिला म्हणाला, "आणि खोकला काढ."

मी सांगितलं, प्रयोगाच्या पत्रकावर छापा की तेव्हाची चूक दिग्दर्शकाची होती. तो म्हणाला, "काही छापायचं नाही. पत्रक वाचून कोण रडतंय? तू प्रयोगाला जा. शेवटच्या रांगेत बस आणि लोक कुठे हसतात ते लिहून आण."

"तू येणार नाहीस?"

"तेव्हा नव्हतो, आता कशाला. आणि थिएटरात मला नीट ऐकू येत नाही. लाकूड मोडल्याचा आवाज तुझ्यासाठी आहे तो."

मी दादरला शेवटच्या रांगेत बसलो. छोटं सभागृह, बहुतेक तरुण मुलं, चाळ न पाहिलेली. कागदावर लिहिलं: विमावाला, मोठं हसू. फडकी, थोडं. तिकिटं, मोठं. बोल्ट, सगळ्यात मोठं. हाक, काही नाही. लाकूड, काही नाही. माझ्या पुढच्या मुलानं हातातला मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी कागद मित्राला दिला. त्यानं चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"आणि ताट? ताटाला काय झालं?"

"ताटाला मी लोकांकडे बघू शकलो नाही."

"म्हणजे काम अर्धंच केलंस," तो म्हणाला. कागद घडी करून त्यानं वहीत ठेवला. "पुढच्या रविवारी प्रयोग आहे. परत जा."