चिमट्यांचे निळे डाग

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात देवळीकडच्या एका गावातून ती बाई आमच्या वॉर्डात आली. वर्ध्यातल्या या दवाखान्यात मी फिजिशियन म्हणून इतकी वर्षं काढली आहेत की बाजेवर माणूस कसा पडलाय यावरून मला पुष्कळ काही कळतं, असा माझा समज होता. बाई पन्नाशीची, घरचा भाजीचा मळा. सोबत नवरा आणि सून. ती उताणी पडून छताकडे नाही, तर बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती आणि मधूनमधून मान डोलवत होती.

"कोणाशी बोलताय, मावशी?" मी विचारलं.

"जाऊ आली ना माही," ती म्हणाली. "बसली हाये. तुमी मधात उभ्या हाये."

मी नकळत बाजूला सरकले. मग स्वतःचाच राग आला.

सून दाराशी गेली आणि मला खुणेनं बोलावलं. जाऊ पाच दिवसांपूर्वी वारली होती. उलट्या झाल्या, अंगातला जीव गेल्यासारखी पडून राहिली आणि दोन दिवसांत संपली. दवाखान्यात नेलीच नव्हती. "मॅडम, थे आता आईंले न्याले आली," सून कुजबुजली. "रातच्याले चिमटे घेते. हातावर पाहा नं तुमी."

मी पाहिलं नाही. असल्या गोष्टींवर माझं डोकं सटकतं. "भुतं-बितं घरी ठेवा, इथं मला काम करू द्या," असं मी तिला चांगलं खडसावलं.

रक्ताचा रिपोर्ट आला. सोडियम एकशे बारा. ते निदान एकशे पस्तीस हवं. एवढं खाली गेलं की मेंदूत पाणी शिरून तो सुजतो आणि माणसाला नसलेली माणसं दिसू लागतात. मला बरं वाटलं. खुर्चीतल्या जावेचा हिशेब लागला होता.

नवऱ्याकडे त्याचं कारण तयार होतं. दोन्ही जावांनी नऊ दिवस अळणी उपवास धरला होता. "मीठच नाई पोटात, तं कुठून येईन?" ऐकायला पटणारं होतं, पण खरं नव्हतं. मीठ कमी पडलं असतं तर मूत्रपिंडानं लघवीतलं मीठ कंजूषपणे अडवून धरलं असतं. हिच्या लघवीत ते भरपूर जात होतं, आणि लघवी घट्टही होती. जीभ ओली, पायांवर सूज नाही, पोटॅशियम ठीक. म्हणजे पाणी धरून ठेवणारं हार्मोन उगाच सुटलेलं होतं, आणि शरीर नको तेवढं पाणी साठवत होतं. आमच्या भाषेत या रोगाचं नाव लांबलचक आहे, पण त्याची एक अट आहे. थायरॉइड आणि मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथी, दोन्ही ठीक आहेत हे सिद्ध झाल्याशिवाय ते नाव द्यायचं नाही.

थायरॉइडचा रिपोर्ट थोडा बिघडलेला आला. टीएसएच नऊ. तेवढ्यानं सोडियम इतकं खाली जात नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी लिहिलं, उद्या सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी सुरू करा, पाणी मोजून द्या. तीव्र मिठाचं सलाईन थोडं दिलं. दुसऱ्या ग्रंथींची तपासणी, म्हणजे त्यांचं हार्मोन कॉर्टिसॉल, मी मागे ठेवली. त्या ग्रंथी बिघडल्या की कातडी काळवंडते, आणि हिची तर उलट पांढुरकी होती. हे मी मनाशी अगदी शहाणपणानं म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला उलटी झाली, म्हणून सिस्टरनं ती गोळी दिलीच नाही. दुपारी मी राउंडला आले तेव्हा रक्तदाब ऐंशीवर उतरला होता आणि साखर बावन्न. पाणी तोडल्यावर जिनं सुधारायला हवं, ती बुडत चालली होती. सिस्टर सलाईनसाठी शीर शोधत होती. मनगटाशी बांधलेला पट्टा सोडला तर त्याखाली जांभळा डाग उमटला, आमच्या डोळ्यांदेखत. कोणी चिमटा घेतला नव्हता. मी पहिल्यांदा तिची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत निळे-जांभळे ठिपके, आणि कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ.

अशी कातडी मी पूर्वी पाहिली होती, आणि ती भुतानं केलेली नव्हती.

"हिचा जुना फोटो आहे?" मी सुनेला विचारलं. तिनं मोबाइलवर गेल्या वर्षीच्या एका लग्नातला फोटो काढला. गालफडं वाटोळी, लालबुंद, हनुवटी गळ्यात बुडालेली. "तवा तब्येत मस्त झालती," सून म्हणाली. बाजेवरचा चेहरा त्यापेक्षा उतरला होता, आणि फोटोत तिच्या शेजारी दुसरी बाई होती. तोच गोल चेहरा, तसेच गाल. दोघी सख्ख्या बहिणी वाटाव्यात. "ही जाऊ," सून म्हणाली. "नात्यानं काईच नाई. लग्नानंच आल्या दोघी या घरात."

"दोघी गुडघेदुखीसाठी वगैरे काही घेत होत्या का?"

"पुडी. बाजारात एक माणूस येते. दोन वर्षं झाले, दोघी संगंच आणत."

"आणि नवरात्रात?"

"नवरात्रात औषध चालत नाई नं मॅडम. घटस्थापनेलेच बंद केली दोघीनबी."

पुडीत स्टेरॉइड होतं, म्हणजे बनावट कॉर्टिसॉल. गोल चेहरा, पातळ कातडी, निळे डाग, सगळं त्याचंच. दोन वर्षं बाहेरून आयतं मिळत गेल्यानं मेंदूनं ग्रंथीला हुकूम देणंच सोडलं होतं, आणि एका सकाळी पुडी थांबली. हुकूमच नसला की कातडी काळवंडत नाही. कॉर्टिसॉल नसलं की पाणी धरणारं हार्मोन मोकाट सुटतं, रिपोर्ट हुबेहूब त्या लांबलचक नावाच्या रोगासारखे येतात, आणि टीएसएचही थोडं चढतं. अशा माणसाला आधी थायरॉइडची गोळी दिली तर उरलंसुरलं कॉर्टिसॉलही झपाट्यानं संपतं. मी ती देणारच होते. एका उलटीनं वाचवलं.

रक्त तपासणीला काढलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे कॉर्टिसॉलचंच, इंजेक्शन दिलं, शिरेतून साखरही. दोन तासांत तिची लघवीची पिशवी भरली, मग दुसरी. हे चांगलं असतं आणि धोक्याचंही. साठलेलं पाणी एकदम निघालं की सोडियम भराभर चढतं, आणि मेंदूच्या नसांना ते सोसत नाही. मी संध्याकाळपर्यंत तिथेच बसले, दर दोन तासांनी रक्त पाठवत, आणि वेग वाढला तेव्हा शिरेतून साखरेचं पाणी देत. रिकाम्या खुर्चीत बसले होते. बाईनं काही हरकत घेतली नाही. कॉर्टिसॉल दुसऱ्या दिवशी आलं, जवळजवळ नाहीच.

चौथ्या दिवशी ती उठून बसली. चहा प्यायली, आणि मी तिला सगळं समजावलं. इंजेक्शनातल्या औषधाचीच ही गोळी रोज, उपवासातही. ताप आला तर दुप्पट. न विचारता एक दिवसही बंद करायची नाही. थायरॉइडची नको, ते आपोआप ठीक होईल, पुन्हा तपासू. सुनेला खडसावलं होतं त्याबद्दल तिची माफी मागितली. ती ओशाळून हसली आणि डबा धुवायला बाहेर गेली.

ती गेल्यावर बाईनं माझा हात धरला.

"मॅडम, खरं सांगा. माह्या जावेले आणलं असतं इथं, तं वाचली असती का?"

माझ्या तोंडात खोटं आलं होतं. ते गिळलं.

"हो," मी म्हणाले.

तिनं दाराकडे पाहिलं, सून अजून बाहेरच होती.

"मंग हे घरी कोनाले सांगू नका," ती म्हणाली. "तिच्या पोराले वाटते का मायले देवीनं नेलं. पुडीचे पैसे तोच देत होता."