तिसरा रकाना

संशय घेणं आमच्या घरात दुर्गुण मानला जात नसे. तीन पिढ्या कारकुनीत गेल्या. समोरचा माणूस नुसता हसला तरी 'याला काय हवंय' हा विचार आधी यायचा. मीही त्याच वळणावर गेलो. सरकारी जनजागृतीच्या व्हिडिओंसाठी संहिता लिहायला लागलो, तेव्हा कॅमेरावाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे मला टरकून असत, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

या खेपेचा विषय होता स्वयंपाकाच्या गॅसची गळती. व्हिडिओ दोन मिनिटांचा, सेकंदभरही जास्त चालणार नाही, असं कार्यालयानं बजावलं होतं. माझी संहिता नेहमीसारखी दोन रकान्यांत होती, डावीकडे चित्र आणि उजवीकडे निवेदन. नवी अट एवढीच होती की कोपऱ्यातल्या चौकटीत सांकेतिक भाषेची दुभाषी हवी आणि चित्रीकरणाआधी संहिता तिच्या नजरेखालून जायला हवी.

दुभाषी पिशोरची होती, तिशीतली. थोरला भाऊ जन्मापासून ऐकू न येणारा, म्हणून बोलण्याआधी हात चालवायला शिकले, म्हणाली. आमचा स्टुडिओ चिकलठाण्याला, एका जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये. तिथं येऊन ती खुर्चीवर टेकली, माझी संहिता पुढ्यात ओढली आणि लाल पेनानं तिसरा रकाना आखला. माझ्या कागदावर, मला न विचारता.

पहिल्याच ओळीवर तिचं पेन थांबलं. "सर, 'फुस्स असा आवाज आला तर' हे कुणासाठी हाय?"

"सगळ्यांसाठी."

"माझ्या भावाच्या घरी सिलेंडर हाय. वहिनीलाबी ऐकू येत नाय. त्यांनी काय करायचं?"

मी 'फुस्स असा आवाज' खोडून 'गॅसचा वास' लिहिलं. पुढे 'मदत क्रमांकावर फोन करा' होतं, तिथं 'शेजाऱ्याला बोलवा, त्याला फोन करायला सांगा' आलं. "हे बघून माझ्या वहिनीला गॅस बंद करता आला पायजे," ती म्हणाली. "बाकी मला काय नको."

बाकी काही नको म्हणणाऱ्या माणसाकडे मी नेहमी नीट बघतो.

तिच्या सूचना मात्र संपेनात. चौकट नखाएवढी नको, मोठी हवी. डोक्यावर थोडी जागा, खाली कमरेपर्यंत, दोन्ही कोपरं आत. मागचा पडदा साधा, तिच्या अंगावर एकरंगी गडद कपडा. खालची अक्षरांची पट्टी हातांवर येता कामा नये. हे मी मान्य केलं. पण तिसऱ्या रकान्यात तिनं जागोजागी लिहिलं होतं, 'हात थांबतात. नजर चित्राकडे. तीन सेकंद.' आणि प्रत्येक दृश्याच्या शेवटी, 'दुभाषीचं पूर्ण होईपर्यंत चित्र बदलू नये.'

"तीन सेकंद तुम्ही नुसत्या उभ्या राहणार?" मी विचारलं.

"मी नाय, सर. बघणारे बघणार. डोळे तेवढेच. माझ्या हाताकडं बघतील का चित्राकडं?"

सबब छान होती. इतकी छान की मला ती पाठ केलेली वाटली.

कच्च्या चित्रीकरणाच्या दिवशी माझा संशय पक्का झाला. 'विजेचे कोणतेही बटण, ते चालू असो वा बंद, त्यास हात लावण्याचा मोह कटाक्षाने टाळावा' हे माझं लाडकं वाक्य तिनं चार-पाच हातवाऱ्यांत उरकलं. कटाक्ष कुठं गेला? मोह कुठं गेला? बाई वाक्यं गिळते, आणि गिळलेलं झाकायला विराम मागते, असं माझं ठरलं. मधेच डोक्यावरून विमान घरघरत गेलं. निवेदन थांबवावं लागलं, तर ही म्हणते, "माझं चालू द्या, सर. हाताला विमानाचं काय?" मला तोही टोमणाच वाटला.

घरी येऊन मी दोन गोष्टी केल्या. वेळेत बसत नाही म्हणून सगळे विराम कापले आणि संकलकाला तसंच जोडायला सांगितलं. आणि दुभाषी बदलून मिळावी, असं कार्यालयाला पत्र लिहिलं. पाठवलं नाही. पुरावा हवा होता ना.

पुरावा कुठं मिळेल हे मला ठाऊक होतं. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या नेहमीच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करणाऱ्या गृहस्थांना ऐकू येत नाही. आमचा वर्षानुवर्षांचा व्यवहार दोन बोटं, तीन बोटं, पाठपोट असा चाललेला. मी मोबाइलवर संकलकानं जोडलेला कच्चा व्हिडिओ लावला आणि वाया गेलेल्या प्रतीच्या पाठीवर लिहिलं, 'काय कळलं, ते लिहा.'

त्यांनी एकदाच पाहिला. मग पेन घेतलं. 'वास आला, घाबरू नको. लाईटचं बटण चालू नाही, बंद पण नाही. दार खिडकी उघड. रेग्युलेटर बंद कर. बाहेर जा. शेजाऱ्याला सांग, तो फोन करेल.'

सगळं होतं. कटाक्ष आणि मोह सोडून एकही गोष्ट गळाली नव्हती. माझा चेहरा पडला असावा. तरी मी हट्टानं लिहिलं, 'रेग्युलेटर कसा बंद केला?'

ते थांबले. पुन्हा व्हिडिओ लावला. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होतो. चौकटीतले हात हलत होते तोवर डोळे तिथं होते. हात संपून ते मोठ्या चित्राकडे वळले, तेव्हा नॉब फिरवणारा हात निघून गेला होता आणि घराबाहेरचं दृश्य लागलं होतं. त्यांनी लिहिलं, 'दिसलं नाही. बाईकडे बघत होतो.' मग त्याच्याखाली, 'कुठल्या बाजूला फिरवायचं? घरी बायको एकटी असते. तिला पण ऐकू येत नाही.'

मी कापलेले तीन सेकंद तिथलेच होते. मला अतोनात लाज वाटली. मी हवेत मूठ धरून घड्याळाच्या काट्यासारखी उजवीकडे फिरवून दाखवली. त्यांनीही तशीच फिरवली. बरोबर का, असं भुवयांनी विचारलं. मी मान डोलावली.

मी निघालो तेव्हा त्यांनी बाही धरली आणि तोच कागद पुढे केला. 'बाई चांगली आहे. तुम्ही तिला तपासायला आलात?'

मी मानेनं 'नाही' म्हटलं.

पत्र फाडलं. सगळे विराम जिथल्या तिथं परत लिहिले. आता दोन मिनिटांत बसेना, म्हणून 'स्वयंपाकघर म्हणजे घराचा आत्मा' ही माझी सुरुवात काढली, मोह आणि कटाक्षही काढले. बसलं.

पुन्हा चित्रीकरणाला ती आली. तिसरा रकाना वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला. पडद्यासमोर उभी राहिली, हात कमरेशी आणले आणि म्हणाली, "मग सर, पास झाले का मी?"

मी संहितेची पानं चाळू लागलो.

"झेरॉक्सवाल्या भाऊंचा परवाच व्हिडिओ कॉल आलता. आमची माणसं किती असतील शहरात? सगळी एकमेकांना ओळखत्यात." ती रागावलेली नव्हती, म्हणून जास्तच लागलं. "ते विचारत होते, हे सर समद्यांनाच असं तपासतात का?"

"हो," मी म्हणालो. "स्वभावच आहे माझा."

काचेपलीकडे निवेदक घसा साफ करत होता. बारा वर्षं माझी वाक्यं वाचतोय तो. त्यातलं कुणाला काय कळलं, हे विचारायला मी आजवर एकाही दुकानात गेलेलो नव्हतो.