काचेत मी नको

सोलापुरात माझा फोटो स्टुडिओ होता, आणि मी तोंडाचा फटकळ म्हणून प्रसिद्ध होतो. "मान सरळ," "हसू नका," "श्वास धरा," ही माझी तीन वाक्यं. त्याहून जास्त गिऱ्हाईकाशी बोलायची मला गरज वाटत नसे. बायको म्हणायची, "अहो, ती माणसं हायत, खुर्च्या न्हाईत." मी म्हणायचो, खुर्च्या बऱ्या, हलत तरी नाहीत.

काचेतून फोटो काढायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते एका चादरीच्या कारखानदारामुळे. अक्कलकोट रोडला त्यांचे माग होते. धंद्याच्या कामासाठी ते विमानानं परदेशी जाऊन आले आणि दोन रोल माझ्या टेबलावर टाकून म्हणाले, "ढगांचे काढलेत. मोठे करून द्या, हापिसात लावतो." रोल धुतले तर ढग राहिले बाजूला, प्रत्येक फोटोत साहेबांचा पांढरा शर्ट, टाय आणि हातातला कॅमेरा. मी सरळ सांगितलं, "साहेब, ढग कमी आणि तुम्हीच जास्त आलात." ते आधी रागावले, मग खो खो हसले. म्हणाले, "मग शिकवा की राव, परत जायचंय."

त्यांना शिकवायचं म्हणून मी आधी स्वतः शिकलो. स्टेशनवर जाऊन उभ्या गाडीच्या काचांवर डोकं फोडलं. गोष्ट साधी होती. आपल्या बाजूला उजेड आणि काचेपलीकडे अंधार असला की काच आरसा होते. मग उजेड अडवायचा, नाहीतर कॅमेरा काचेला इतका भिडवायचा की मध्ये उजेडाला जागाच राहू नये. मी सायकलच्या ट्यूबचा दीड बोट रुंद तुकडा कापून लेन्सच्या तोंडावर ताणून बसवला. रबर काचेला टेकलं की प्रतिबिंब बंद, शिवाय काचेचा हादरा कॅमेऱ्यात येत नाही. कॅमेरा मात्र सरळ धरायचा, तिरका केला की एका बाजूनं फट पडते आणि उजेड घुसतो. लेन्समधलं उजेडाचं भोक पूर्ण उघडं ठेवलं की काचेवरचे बारीक डाग इतक्या जवळून दिसतच नाहीत, विरघळून जातात. तेलकट बोटांचे ठसे मात्र चित्र धुरकट करतात, ते पुसावेच लागतात. आणि फ्लॅश? काचेवर फ्लॅश मारणाऱ्याला मी स्टुडिओत उभा करत नसे. कारखानदारांना ट्यूबचा तुकडा दिला, काळा स्वेटर घालायला सांगितलं, डोक्यावरचा दिवा बंद करायला सांगितलं. पुढच्या वेळी ढग आले, आणि फक्त ढगच आले.

झालं, मी काचेचा पंडित झालो. त्या वर्षांत आमच्याकडे लग्नात एक नवीन हौस निघाली होती. नवरी गाडीनं सासरी निघाली की खिडकीतला तिचा फोटो हवा. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असत, पण थंडीत आणि इंजिनाच्या कोळशाच्या धुरापायी लोक काचा लावून घेत. तेव्हा गावातले बाकीचे फोटोग्राफर नवरीच्या तोंडावर स्वतःचंच पोट छापून आणत. मी नाही. मी स्टुडिओतल्या मोठ्या कॅमेऱ्याचं काळं कापड डोक्यावरून खिडकीवर घ्यायचो आणि आत लेन्स भिडवायचो. माझा एक नियम होता. ज्या निगेटिव्हवर काचेत फोटोग्राफर दिसतो ती निगेटिव्ह ठेवायची नाही. कात्रीनं कापायची आणि टोपलीत टाकायची. चुकूनसुद्धा तिचा फोटो निघता कामा नये. गिऱ्हाईकानं म्हणावं, नवरी दिसली, फोटोग्राफर कुठं दिसलाच नाही. त्याचा मला लई गर्व होता.

एवढं सगळं करून माझ्या बायकोचा एक धड फोटो नव्हता. आमचं लग्न खेड्यात झालं, तिथं कॅमेरा कुठला. नंतर तिनं कधी फोटो काढा म्हटलं की मी म्हणायचो, रोल गिऱ्हाईकाचा आहे. दोघांचा एकत्र फोटो तर नव्हताच, कारण तो काढणार कोण? कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला खपत नसे. तेरा वर्षं अशीच गेली.

तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. जिना चढली की ओठ निळे पडायचे. मुंबईला ऑपरेशन ठरलं. तिचा भाऊ रेल्वेत होता, तो पासावर पहिल्या वर्गानं घेऊन जाणार होता. मी मागून आठ दिवसांनी जाणार होतो, कारण लग्नं अंगावर घेतली होती.  निघताना ती म्हणाली, "आज तरी माझा एक काढा की. काय व्हईल ते व्हईल, घरात एक असावा." मी चिडलो. "काय होईल म्हणजे काय?" असं ओरडलो. पण लहान कॅमेरा आणि काळं कापड घेतलं. एका गिऱ्हाईकाच्या रोलमधले चार-पाच फोटो शिल्लक होते.

दुपारची वेळ. फलाटावर रणरणतं ऊन, डब्यात अंधार. डॉक्टरांनी धूर टाळायला सांगितलं होतं म्हणून भावानं आत जाताच काच खाली ओढली. ती खिडकीशी बसली आणि मला शोधू लागली. मी दोन पावलांवर होतो. तिनं मला पाहिलं, पंजा काचेवर ठेवला आणि हसली. काय हसली! आजारपणात इतकी मोकळी हसलेली मी तिला पाहिली नव्हती. बोट आपोआप खटक्यावर पडलं.

आणि लगेच मी स्वतःवर करवादलो. गेला की एक फोटो फुकट! काचेत मी, फलाट, ऊन, खिडकीचे गज, सगळं आलेलं असणार. मी पुढे झालो, बाहेरून काच रुमालानं पुसली. आतून तिच्या पंजाचा ठसा उमटला होता. मी खुणेनं सांगितलं, पूस. तिनं पदरानं पुसला. मी खुणेनं सांगितलं, मागं सरक, कारण लेन्स काचेला भिडवल्यावर इतक्या जवळचं मला घेता येत नव्हतं. ती मागं सरकली. मग मी काळं कापड डोक्यावरून खिडकीवर टाकलं, दोन गजांमधून लेन्स काचेला टेकवली आणि कापडाच्या आतून ओरडलो, "हलू नकोस. श्वास धर."

डब्यात उजेड कमी, खटका सावकाश ठेवावा लागला होता. तिनं श्वास धरला. ज्या बाईला दोन वाक्यं बोलताना धाप लागायची तिला मी श्वास धरायला लावला, आणि तिनं धरला. मी एक फोटो घेतला. खात्रीसाठी दुसरा घ्यावा म्हणून रोल फिरवला तेवढ्यात शिट्टी झाली, गाडीला हिसका बसला. कापड गजात अडकलं. ते सोडवून डोक्यावरून काढेपर्यंत खिडकी पुढे गेली होती. तिनं हात केला असेल. मला दिसला नाही.

सातव्या दिवशी तार आली. मी मुंबईला गेलो, जे करायचं ते केलं, परत आलो. या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. रडू आलं नाही. जेवण समोर आलं की जेवत होतो. लोक येत होते, बसत होते, मी "हो, हो" म्हणत होतो. आत काही नव्हतं. दात काढण्याआधी हिरडीला इंजेक्शन देतात, तसं सगळं अंग झालं होतं.

सासूबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जावईबापू, तेराव्याला फोटू लागंल. हाय का पोरीचा एखादा?" मी म्हटलं, आहे. तो रोल अजून कॅमेऱ्यातच होता. लग्नं मी मोठ्या कॅमेऱ्यानं काढली होती.

तेराव्याच्या आदल्या दिवशी अंधारखोलीत शिरलो, हात आपले आपण चालत होते. रोल धुतला, वाळवला, दिव्यासमोर धरला. आधी कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, मग खिडकीचे दोन. पहिल्यावर मध्येच मोठा काळा डाग. निगेटिव्हवर उजेड काळा दिसतो, म्हणजे हे काचेतलं ऊन, आणि त्यात माझा आकार. मी जवळून बघितलंसुद्धा नाही. कात्री घेतली, तेवढाच तुकडा कापला, टोपलीत टाकला. दुसरी निगेटिव्ह स्वच्छ होती, ती मोठी करायला घेतली.

खरं सांगतो, काचेतून इतका चांगला फोटो मी आयुष्यात काढला नाही. मध्ये काच होती हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. ना डाग, ना ठसा, ना माझी सावली. साडीची नक्षी मोजून घ्यावी. लोक बघून म्हणाले, "व्वा, समोर बसल्यासारखी." त्याच संध्याकाळी मी चौकट करून आणली.

तेराव्याच्या सकाळी सासूबाई फोटोसमोर उभ्या राहिल्या.  मग म्हणाल्या, "ही बघतीया कुणाकडं? कुणाला हुडकतीया जणू."

मी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांकडे पाहिलं. तोवर मी फक्त काच पाहत होतो. ती लेन्सकडे बघतच नव्हती. ओठ मिटलेले, श्वास धरलेला, मान जरा उंच, आणि नजर लेन्सच्या वर, जिथं माझं तोंड असायला हवं होतं तिथं. तिथं काळं कापड होतं. तिच्या खिडकीत काळोखाखेरीज काही नव्हतं. ती जाताना मला शोधत होती, आणि मी प्रतिबिंब अडवत होतो.

मग मला पहिला फोटो आठवला. पंजा, हसणं, आणि तिच्या अंगावर काचेत पडलेला मी. आम्ही दोघं एका फिल्मवर तेवढ्या एकाच वेळी आलो होतो.

मी स्टुडिओकडे धावलो. मध्ये दोन गल्ल्या. टोपली रिकामी होती.

"टोपलीतला कचरा कुठं गेला?" असं मी विचारणार होतो, पण विचारायला कुणी नव्हतं. तो कचरा रोज सकाळी मीच पिशवीत भरून घरी न्यायचो, अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवायला. कागद, खोकी, फिल्मचे तुकडे, सगळं त्यात जायचं. तिच्या तेराव्याची अंघोळ मी तासाभरापूर्वी त्याच बंबातल्या पाण्यानं केली होती. केस अजून ओले होते.