शून्यावर सरकणारा रोल

माझा दीर गेला तो घरी, ताटावर बसलेला असताना. छातीत कळ आली आणि संपला. मशिनने त्याला मारलं नाही, हे आधीच सांगते, कारण पुढे मिलमधल्या बायकांनी काहीच्या बाही उठवलं.

आमची मिल प्रवरेच्या काठाला. रद्दी आणि चिपाडाचा लगदा करून खाकी कागद काढायची. मी आणि माझी धाकटी जाऊ, म्हणजे या दिराची बायको, ठेक्यावर रिवाइंडरला. रिवाइंडर म्हणजे मोठ्या गुंडाळीचा कागद कापून लहान गुंडाळ्या करणारं मशिन. खाली शेजारी शेजारी दोन लोखंडी रोल, त्यांच्या अंगावर गुंडाळी फिरते. आमचं काम कडेची कात्रणं उचलायची आणि मशिन थांबलं की रोल पुसायचे.

दीर तिथे वायरमन होता. पलीकडच्या खोलीतला संच त्याच्या ताब्यात. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण त्याने एकदा समजावलं ते डोक्यात राहिलं. खोलीत एक मोठी मोटर लाइनीवर चालते, ती सदा एकाच वेगाने पळते. तिच्याच दांड्याला जनरेटर जोडलेला. जनरेटरचा करंट तारांनी रिवाइंडरच्या मोटरला जातो. ऑपरेटरपाशी एक लहान चाक. ते फिरवलं की जनरेटरच्या चुंबकाचा जोर वाढतो, तसं व्होल्टेज वाढतं, तशी आपली मोटर पळते. चाक मागे घेतलं की हळू होते. कागद पातळ, झटका बसला की तुटतो. म्हणून एवढा खटाटोप. एक मशिन फिरवायला तीन मशिनं.

तो आम्हा बायकांना एकच सांगायचा, "चाक शून्यावर हाय म्हंजी मशिन मेलं असं समजू नका. आधी रोलवर कागदाची पट्टी टाका, ती हलली न्हाई तर मंग हात लावा." आम्ही पट्टी टाकायचो. ती कधी हलली नाही.

तो गेला आणि पट्टी हलायला लागली.

सकाळी नाही. मशिन तासन्‌तास चालून बेअरिंगं गरम होऊन मोकळी झाली, जेवणाची सुट्टी झाली, गुंडाळी उतरवली, चाक शून्यावर आलं, की रिकामा रोल हळूच सरकायचा. बोटभर, मग वीतभर. आवाज काही नाही, फक्त खोलीतल्या संचाची घरघर. जेवणाच्या सुट्टीत संच बंद करत नसत. पुन्हा चालू करायचा तर एवढा करंट ओढायचा की सगळ्या शेडचे दिवे मंद व्हायचे.

बायका म्हणाल्या, वायरमन दादा आलेत. त्या डबे घेऊन बाहेर लिंबाखाली बसायला लागल्या. माझी जाऊ उलट आत बसायला लागली. रोलच्या शेजारी पोत्यावर. भाकरी खायची आणि डावा हात रोलवर ठेवायची. हात रोलाबरोबर पुढे जायचा, ती उचलून पुन्हा मागे ठेवायची.

"उठ," मी म्हणायचे. "लोखंड हाय ते."

"तुमाला न्हाई कळायचं, आक्का."

"मला भूत कळत न्हाई. हात तुटला तर भाकरी कोन थापील, तेवढं कळतं."

ती हसायची. नवरा गेल्यापासून ती फक्त तिथेच हसायची, म्हणून मी जास्त बोलले नाही. भुतावर माझा विश्वास नव्हता. तरी पाठ रोलाकडे करून मीही जेवत नव्हते.

एके दुपारी ती भाकरी बांधायला वाकली आणि गळ्याभोवती घेतलेला पदर दोन रोलांच्या मधे गेला. रोल जोरात फिरत असते तर कळलंही नसतं. ते हळू फिरत होते. पदर हळूहळू आत जात होता आणि तिची मान खाली. ऑपरेटर जेवायला गेलेला. मी चाकाकडे धावले. चाक शून्यावरच होतं. अजून मागे कुठे घेणार? लाल बटन दाबलं. त्याने खोलीतली मोटर बंद झाली, पण एवढं जड लोखंड फिरतं ते लगेच कुठलं थांबायला? घरघर उतरत राहिली आणि पदर आत जातच राहिला. मग कागद कापायची सुरी होती तिने मी लुगडं फाडलं. ती मागे पडली. गळ्याला वळ उठला होता. रोल त्यानंतरही सरकत होते, संच पुरता थांबेपर्यंत.

नवा वायरमन धावत आला. त्याने पेटी उघडून एक काळा पडलेला तांब्याचा तुकडा दाखवला.

"जनरेटरच्या लोखंडात करंट बंद केल्यावर बी थोडं चुंबक ऱ्हातं," तो म्हणाला. "तेवढ्यावर थोडं व्होल्टेज निघतं, आन्‌ रिकामा रोल सरकतो. ते मारायला हा कॉन्टॅक्ट हाय. चाक शून्यावर आलं की हा जुळतो आन्‌ उरलेलं चुंबक उलटं दाबतो. काजळी धरली की जुळत न्हाई. दादा दर आठवड्याला पॉलिश पेपरनं घासायचे. मला कुनी सांगितलंच न्हाई."

जाऊ गळा चोळत ऐकत होती. म्हणाली, "म्हंजी त्येंच्यामुळंच फिरत हुतं."

"तो न्हाई म्हनून फिरत हुतं," मी म्हणाले.

नव्या वायरमनने कॉन्टॅक्ट घासला. रोल थांबला. पण कॉन्टॅक्ट घासून घासून झिजला होता, नवा कुठे मिळेना. काही दिवसांनी पट्टी पुन्हा हलली आणि जाऊ पुन्हा पोत्यावर जाऊन बसली. मी इंजिनीअर साहेबांच्या केबिनकडे निघाले, तेव्हा तिने माझा हात धरला.

"आक्का, नका सांगू. पदर खोचून बसते मी."

मी हात सोडवला आणि सगळं सांगितलं.

जुना संच काढून टाकायचं साहेबांच्या मनात आधीपासून होतंच. तीन मशिनं फिरतात, प्रत्येक आपला वाटा खातं, मशिन रिकामं उभं असलं तरी बिल चालूच. कार्बन ब्रश घासतात, बेअरिंगं ओरडतात, जुने सुटे भाग मिळत नाहीत. संचाच्या जागी ड्राइव्ह आला. गोदरेजच्या कपाटाएवढी पेटी. ती लाइनीचा करंट घेते, आतल्या आत त्याचा डीसी करते आणि हवं तेवढंच व्होल्टेज मोटरला देते. फिरणारं काहीच नाही, वर एक पंखा तेवढा. रिवाइंडरची मोटर तीच ठेवली.

जुना संच शेवटचा बंद केला तेव्हा जाऊ रोलपाशी उभी होती. या वेळी पदर खोचलेला. पलीकडे घरघर उतरत गेली, तसा रोल मंद मंद होत गेला. तिचा हात त्याच्यावर होता. कधी थांबला ते तिलाच ठाऊक. शेडमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

ड्राइव्ह बसवायला आलेल्या पोरीला तिने विचारलं, "बाई, ह्यो थांबल्यावर सरकतो का?"

"नाही मावशी. शून्य म्हणजे ड्राइव्ह मोटरला काही पाठवतच नाही. जागचा हलणार नाही."

"कधीच?"

"कधीच."

जाऊ माझ्याकडे वळली. "एकदा देवानं नेलं, दुसऱ्यांदा तुमी घालवलं माझ्या मानसाला," म्हणाली. घालवलं तर घालवलं. तिची मान जाग्यावर आहे. आम्ही एका घरात राहतो, एका चुलीवर जेवतो, तेवढ्यापुरतं बोलतो. दुपारी ती आता बाकीच्या बायकांबरोबर लिंबाखाली बसते.

मी अजून कामाला जाते. ठेकेदार वय विचारत नाही. रोल पुसायच्या आधी मी पट्टी टाकते. नव्या पोरी म्हणतात, आजी, आता कशाला? ड्राइव्ह हाय की. त्यांचं खरं आहे. पट्टी हलत नाही. मी ती उचलते, पुन्हा टाकते, आणि मान वळवून दारातून लिंबाकडे बघते. जाऊ डबा मांडीवर धरून माझ्या हाताकडेच बघत असते.