एकशे पंचेचाळीस आणि पंचावन्न

मेस्तरींचा हात असा की वेल्डवरून बोट फिरवलं तर अडखळायचं नाही. तीस वर्षं लोखंडी कामाच्या त्या शेडमध्ये त्यांचा शब्द शेवटचा. त्या जोरावरच त्यांनी आपल्या बहिणीच्या मुलीला तिथे ड्रॉइंग काढायला लावलं होतं.

तिचं पाण्याच्या टाकीच्या मनोऱ्याचं ड्रॉइंग हातात आलं आणि मेस्तरींचं डोकं सटकलं. पंचाहत्तर मिलिमीटरचा अँगल, म्हणजे काटकोनात दुमडलेली लोखंडी पट्टी; तिचा एकच पाय प्लेटला चिकटवायचा. वेल्ड कोपऱ्याच्या बाजूला एकशे पंचेचाळीस मिलिमीटर, दुसऱ्या कडेला फक्त पंचावन्न! ही कसली वाकडी वाटणी? पोरगी नवीन आहे, चुकली असेल. त्यांनी दोन्हीकडे शंभर-शंभर घातले. बेरीज तीच, आणि दिसायला कसं नीटस! तिला विचारायला वर ऑफिसात जाणं मात्र त्यांच्या मानाला परवडलं नाही.

चोवीस सांधे झाल्यावर तपासनीस आला. टेप लावली आणि सगळे नापास केले. मालकांनी भाचीला खाली बोलावलं. तिने खडूने अँगलवर रेघ ओढली.

"अँगलवरची ओढ या रेघेतून जाते. रेघ कोपऱ्यापासून साडेवीस मिलिमीटरवर आहे, मधोमध नाही. म्हणून कोपऱ्याकडचा वेल्ड जास्त भार घेतो. शंभर-शंभर घातले तर तिकडच्या शंभरावर एकशे पंचेचाळीसचं ओझं येतं, आणि सांधा वाकायला बघतो."

मेस्तरींना पटलं. तिथल्या तिथे पटलं, हेच तर वाईट.

"मग सारखं घाला असं कुणी सांगितलं?" मालक गरजले.

शेडमधली सगळी माणसं बघत होती. मेस्तरींची जीभ घसरली. "हिनंच. तोंडी."

भाचीने त्यांच्याकडे पाहिलं. मेस्तरींचा शब्द शेवटचा, त्यामुळे दुसऱ्या कुणाला विचारायची गरजच पडली नाही. मालकांनी तिला कामावरून काढलं. संध्याकाळी तिने आपली पट्टी आणि डबा पिशवीत घातला आणि ती गेली.

पुढचे चार दिवस मेस्तरी एकेका सांध्यावर बसले. कडेचे पंचेचाळीस घासून काढले, कोपऱ्याकडे तेवढेच वाढवले. पाचव्या दिवशी मालकांना खरं सांगितलं. मालक म्हणाले, "आता काय उपयोग? त्या जागेवर माणूस घेतलाय."

तेव्हा ते बहिणीकडे गेले. दार भाचीनेच उघडलं.

"मामा, सगळे सांधे बदलले ना? एकही राहिला नाही ना?"

"नाही राहिला. पोरी, मी तुझ्यावर ढकललं. तू तेव्हा बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "फाटकापर्यंत थांबत थांबतच गेले."