भावडीच्या पायांसाठी अकलोलीवारी

कोंडूला कुठलीच गोष्ट हळू करता येत नसे. तो टेम्पोसुद्धा टेमघरच्या बोळातून अशा थाटात काढायचा, की बाया आधीच लेकरं कडेवर उचलायच्या. सुताचे गठ्ठे लूमच्या कारखान्यावर टाकायचे, कापड भरून कशेळीच्या गोदामात पोचवायचं आणि घरी आल्या आल्या दारातूनच आरोळी ठोकायची, "भावडे!" तीन वर्षांची नात भाविका म्हणजे त्याचा जीव.

ही भावडी हल्ली रात्री मधेच उठून रडायची. "आबा, पाय!" दोन्ही हातांनी नडग्या धरायची. सकाळी मात्र काही झालंच नाही अशी उड्या मारत दूध मागायची.

घरच्यांना वाटलं, जाईल आपोआप. कोंडूला मात्र वेगळीच धास्ती होती. त्याच्या थोरल्या भावाचा, चिंधूदादाचा, एक पाय लहानपणी पोलिओनं गेला होता. धाकटा कोंडूच त्याला पाठीवर घेऊन शाळेत न्यायचा.

"मामा, तिला सगळे डोस दिलेत," सून संघरत्ना समजवायची. "तापसुद्धा नाही."

"दादालाबी आदी काय नव्हतं!"

एका रात्री तर त्यानं आपला कमरेचा बाम तिच्या पोटऱ्यांना चोळला. पाय राहिले बाजूला, पोर आगीनंच किंचाळायला लागली. संघरत्नानं धावत येऊन साबणानं पाय धुतले.

"मामा, एवढासा जीव आहे तो! हा बाम तुम्हालाही झोंबतो ना?"

कोंडू खजील झाला, पण तेवढ्यापुरताच. रविवारी उजाडताच टेम्पोचा हॉर्न वाजला.

"चला अकलोलीला! गरम कुंडात पाय बुडवले का दुखनं खल्लास!"

"ह्यो मानूस सुदरायचा न्हाय," म्हणत त्याची बायको शेवंता डबा घेऊन चढली. शेजारची वैशालीही तिच्या पोरांसकट मागे बसली. वाटभर टाळ्या, गाणी, आरडाओरडा! लग्नाचं वऱ्हाडच जणू.

कुंडाशी पोचताच कोंडू पोरीला उचलून पायऱ्या उतरायला लागला.

"ओ, भाजंल पोर!" शेवंतानं मागून त्याचा सदराच धरला. "आदी सोताचा हात घाला!"

त्यानं हात घातला नि झटकन ओढला. मग तेच पाणी बादलीत घेऊन, निववून, भावडीचे पाय त्यात सोडले. तिनं पाणी उडवून आबाला भिजवलं आणि पळाली! वैशालीच्या पोरांमागे, नदीच्या वाळूत, पायऱ्या वर, पायऱ्या खाली. संध्याकाळपर्यंत पाय ठरला नाही.

"बगितलं?" कोंडू छाती फुगवून म्हणाला. "गुन आला!"

आणि त्या रात्री भावडी आजवर रडली नव्हती एवढी रडली.

कोंडू धावत तिच्या उशाशी आला. "गेले. पोरीचे पाय गेले."

संघरत्ना पाय दाबता दाबता थबकली. "मामा, थांबा. मागच्या वेळी दुखले तेव्हा वैशालीताईंच्या पोराचा वाढदिवस होता, दिवसभर नाचली होती. त्याआधी मावशीकडे गेलो होतो, तिथेही धिंगाणा. घरात बसलेल्या दिवशी कधी दुखलेत?"

"उद्याच डाक्टरकडं न्यायची!" कोंडू म्हणाला.

सकाळी लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे भावडीनं खुर्चीवरून उडी मारूनच प्रवेश केला. बाईंनी तिला चालवलं, पळवलं. गुडघे, घोटे, पोटऱ्या दाबून पाहिल्या. ती खिदळत होती. "दोन्ही पाय दुखतात? सकाळी लंगडते का? सूज, ताप?"

"दोन्ही. बाकी काही नाही," संघरत्ना म्हणाली.

"पोलिओ?" कोंडूनं मधेच विचारलं.

"नाही हो आजोबा! या वयात बऱ्याच मुलांना होतं हे. नेमकं का होतं ते ठाऊक नाही, पण खूप खेळल्या दिवशी जास्त दुखतं. आपोआप जातं. पाय हलके चोळा, कोमट फडक्यानं शेका, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. झोपण्याआधी पाय हळूच ताणा. फारच दुखलं तर तापाचं औषध चालेल, पण मी तिच्या वजनाप्रमाणे लिहून देते तेवढंच. बाम नको. एकच पाय सारखा दुखला, सूज किंवा ताप आला, लंगडायला लागली, दिवसाही दुखलं, तर लगेच आणा."

"मंग पळू द्यायची?"

"पळू द्यायची!"

कोंडूनं आनंदाच्या भरात डॉक्टरीणबाईंचेच पाय धरले. संघरत्ना लाजून अर्धी झाली. बाहेर पडताच त्यानं चिंधूदादाला फोन लावला. "दादा! पोरगी ठनठनीत हाय! न्हाय, न्हाय, तुज्यासारकं न्हाय!" पलीकडून दादाचं हसू रस्त्यावर ऐकू येत होतं.

पुढल्याच आठवड्यात ती पुन्हा दुखऱ्या पायांनी उठली. या वेळी कोंडू घाबरला नाही. फडकं कोमट करून मनगटाला लावलं, मग तिच्या नडग्यांवर ठेवलं. तिचा पाय मांडीवर घेऊन अंगठ्यानं पोटरी हळूहळू चोळू लागला. हयातीत पहिल्यांदा त्यानं काहीतरी हळू केलं.

"आबा, आता हा," भावडीनं दुसरा पाय पुढे केला, आणि तो अर्धा चोळून होतो न होतो तोच तिची मान कलली.

"झोपली!" कोंडू आनंदानं ओरडला. "शेवंते, अगं, झोपली!"

"आता गप ऱ्हावा," अंधारातून शेवंता म्हणाली, "न्हायतर उटवाल परत!"